उद्दिष्ट एप्रिलचे, बाजार सप्टेंबरचा

15 ऑगस्ट 2025 रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केले, की दिवाळीपर्यंत जीएसटीचे दर कमी होतील. झाले! एसी आणि मोठ्या टीव्हीच्या दुकानांत येणारी गिऱ्हाइके भाव विचारून परत जाऊ लागली. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णयावर शिक्कामोर्तब केले. या वस्तूंवरचा कर 22 सप्टेंबरपासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर येणार होता. महिनाभर थांबले तर हजारो रुपये वाचणार असतील, तर कोण कशाला घाई करील? ग्राहकाचे गणित अगदी बरोबर होते.

पंचाईत झाली ती या कंपन्यांच्या विक्री अधिकाऱ्यांची. त्यांची वर्षाची उद्दिष्टे एप्रिलमध्ये लिहून, वरिष्ठांच्या मंजुरीने पोर्टलवर बंद झाली होती. त्यात जीएसटी बदलेल असे कुठेही नव्हते. पाऊसही नव्हता. त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. मे महिना म्हणजे एसीवाल्यांची सुगी, तीच भिजली. सप्टेंबरअखेर सहामाही आढाव्यासाठी माणसे समोरासमोर बसली तेव्हा टेबलावरच्या कागदाचा आणि बाहेरच्या बाजाराचा फारसा संबंध उरला नव्हता.

अशा वेळी कंपन्यांमध्ये सहसा दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, 'टार्गेट म्हणजे टार्गेट. कारणे सगळ्यांकडेच असतात.' दुसरा म्हणतो, 'जाऊ द्या, या वर्षी आकडा खाली आणू.' पहिल्यात माणसावर अन्याय होतो, दुसऱ्यात आकड्याला काही अर्थच राहत नाही. खरी चूक मात्र सप्टेंबरमधली नसतेच. ती एप्रिलमध्ये उद्दिष्टाचे वाक्य लिहिताना झालेली असते.

नेमके आणि मोजता येणारे उद्दिष्ट म्हटले की प्रत्येक एचआर विभाग 'स्मार्ट'ची पाच अक्षरे भिंतीवर लावतो. हे सूत्र जॉर्ज डोरान या अमेरिकी सल्लागाराने नोव्हेंबर 1981 मध्ये 'मॅनेजमेंट रिव्ह्यू' मासिकातल्या एका छोट्या लेखात मांडले. त्याच लेखात त्याने दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगितल्या होत्या. प्रत्येक उद्दिष्टात पाचही कसोट्या बसतीलच असे नाही, ही एक. आणि नुसत्या उद्दिष्टापेक्षा उद्दिष्ट व ते गाठण्याचा आराखडा या जोडीकडे लक्ष द्यावे, ही दुसरी. भिंतीवर अक्षरे आली, सावधगिरी मासिकातच राहिली.

आता एसीच्याच धंद्यातले एक उदाहरण नीट उलगडून पाहू. पाऊस आणि कर या दोन्ही गोष्टी खऱ्या घडलेल्या आहेत. माणूस आणि विक्रीचे आकडे मात्र समजण्यापुरते घेतले आहेत. पुणे, सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे चार जिल्हे सांभाळणाऱ्या एका एरिया मॅनेजर बाई. गेल्या वर्षी त्यांच्या भागात 10,000 एसी खपले. या वर्षी कंपनीला 12,000 हवे आहेत.

त्यांच्या कागदावर पहिल्यांदा आलेले वाक्य असे होते: 'एसीच्या विक्रीत भरीव वाढ करणे व डीलरांचे जाळे मजबूत करणे.' हे इतके लवचीक आहे की मार्चमध्ये काहीही झाले तरी दोन्ही बाजूंना आपलेच खरे म्हणता येईल. साहेबांनी ते खोडून लिहिले: '2025-26 मध्ये 30 कोटींची विक्री.' आता आकडा आला, तारीख आली. तरीही हे वाक्य कच्चेच आहे, आणि ते का कच्चे आहे हे समजून घेण्यासारखे आहे.

विक्री म्हणजे कोणती? या धंद्यात कंपनीने वितरकाला माल दिला की ती प्रायमरी, वितरकाने दुकानदाराला दिला की सेकंडरी आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला दिला की टर्शरी. कागदावर नुसते 'विक्री' लिहिले, तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वितरकाच्या गोदामात दोन ट्रक माल उतरवूनही उद्दिष्ट पूर्ण करता येते. त्यातला एकही एसी कुणाच्या भिंतीवर लागलेला नसतो. दुसरा घोळ रुपयांचा. दुकानात 40,000 रुपयांना मिळणाऱ्या एसीची 28 टक्के कर वगळून मूळ किंमत होते 31,250 रुपये. त्यावर 18 टक्के कर लावला की तोच एसी 36,875 रुपयांना पडतो. म्हणजे उद्दिष्ट करासहित किमतीत मोजले जात असेल, तर तेवढेच एसी विकूनही बाईंचा आकडा 22 सप्टेंबरनंतर जवळजवळ 8 टक्क्यांनी खाली आला असता. चूक ना त्यांची, ना बाजाराची. मोजपट्टीच आखडली.

म्हणून पक्के वाक्य असे लिहावे लागते: 'एप्रिल 2025 ते मार्च 2026 या काळात चार जिल्ह्यांतील दुकानांतून ग्राहकांना 12,000 एसी विकले जातील, मोजणी वॉरंटी नोंदणीवरून, दर महिन्याच्या 5 तारखेला.' काय, किती, कधीपर्यंत आणि कोणत्या नोंदवहीवरून, एवढे त्यात आले. कर बदलला तरी नगांचा आकडा बदलत नाही आणि गोदामे भरून तो फुगवताही येत नाही.

लवचीकपणासाठी या वाक्याच्या खाली आणखी दोन ओळी लागतात आणि त्या बहुतेक कागदांवर नसतात. पहिली ओळ गृहीतकाची: 'हा आकडा उन्हाळा सरासरीसारखा राहील, कर 28 टक्के राहील आणि कंपनी किमतीत मोठा बदल करणार नाही, असे धरून काढला आहे.' आकडा काढणाऱ्याच्या डोक्यात हे सगळे असतेच. ते कागदावर उतरवले नाही, तर सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळे आठवते.

दुसरी ओळ अटीची. काय घडले तर आकड्याकडे पुन्हा पाहायचे? ही अट बाईंच्या हातात नसलेल्या गोष्टीला बांधलेली हवी, नाहीतर स्वतःचीच कमी विक्री हे सवलतीचे कारण बनेल. त्यांच्या कागदावर असे लिहिता आले असते: 'हे चार जिल्हे वगळून उर्वरित महाराष्ट्रातील कंपनीची सहामाही विक्री योजनेच्या 90 टक्क्यांपेक्षा कमी किंवा 110 टक्क्यांपेक्षा जास्त झाली, तर या भागाची पहिली सहामाही त्या टक्केवारीशी ताडून मोजली जाईल.'

यातले 'वगळून' आणि 'किंवा जास्त' हे दोन तुकडे महत्त्वाचे आहेत. स्वतःचे जिल्हे धरले, तर बाईंची कमी विक्री राज्याचा आकडाही खाली ओढते आणि तुलना त्यांच्या बाजूने झुकते. वरच्या बाजूची अट नसेल, तर ती लवचीकता नव्हे, एकतर्फी सूट झाली. त्याच करकपातीने लहान मोटारींची मागणी त्या दिवाळीत वाढली. एखाद्या मोटार कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने उद्दिष्ट सहज ओलांडले असेल, तर त्यात त्याचे कसब किती आणि सरकारचे किती, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे. तो मात्र आढाव्यात कुणी काढत नाही.

आता सप्टेंबरअखेर काय झाले ते पाहू. वर्षाची योजना अशी होती: पहिल्या सहामाहीत 6,500 एसी, दुसऱ्या सहामाहीत 5,500. प्रत्यक्षात एप्रिल ते जून 3,600 आणि जुलै ते सप्टेंबर 1,100, एकूण 4,700 विकले गेले. योजनेच्या 72 टक्के. उर्वरित महाराष्ट्र 65 टक्क्यांवर अडकला होता. अटीप्रमाणे तुलना लागू होते. बाईंचा भाग राज्याच्या वेगाने चालला असता तर 4,225 एसी विकले गेले असते. त्यांनी त्याहून 475 जास्त विकले. नुसत्या आकड्यावर जी सहामाही नापास दिसत होती, ती तुलनेत चांगली ठरते. आणि उर्वरित राज्य 85 टक्क्यांवर असते, तर याच अटीने बाईंची 72 टक्के ही खरोखरची पिछेहाट ठरली असती. पाऊस सगळीकडेच पडला, मग तुमच्याकडेच एवढी घट का, हे त्यांना विचारता आले असते.

अट लिहिलेली नसती तर? 12,000 गाठायला दुसऱ्या सहामाहीत 7,300 एसी विकावे लागले असते, म्हणजे मूळ योजनेच्या एक तृतीयांश जास्त. हे होणार नाही हे बाईंना ऑक्टोबरमध्येच कळते. त्यानंतर माणूस दोनपैकी एक करतो. हात टेकतो आणि पुढचे सहा महिने पगारापुरते काम करतो. किंवा मोजणी प्रायमरीवर असेल तर डीलरला जास्त उधारीची मुदत देऊन मार्चमध्ये माल कोंबतो. दुसरा प्रकार ओळखणे अवघड नसते. प्रायमरी आणि टर्शरी यांतले अंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम वाढते, डीलरांकडची येणी लांबतात आणि एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, त्या भागातून नव्या ऑर्डरी येत नाहीत. तोपर्यंत बोनस वाटून झालेला असतो.

सहामाहीला कंपनीचा अग्रक्रमही बदलला. 1 जानेवारी 2026 पासून एसीच्या स्टार रेटिंगचे निकष कडक होणार होते. जुन्या मोजपट्टीवर पाच तारे मिळवणारे यंत्र नव्या मोजपट्टीवर एक तारा गमावू शकत होते. उन्हाळा वाया गेल्याने जुन्या लेबलचा माल वितरक-दुकानदारांकडे पडून होता. तो डिसेंबरपूर्वी संपवणे हे नव्या विक्रीपेक्षा निकडीचे झाले. निकष बदलणार ही बातमी धंद्यातल्या लोकांना आधीपासून ठाऊक होती. म्हणजे हे अनपेक्षित संकट नव्हते. जे माहीत आहे ते एप्रिलच्या कागदावरच यायला हवे. समजा, बाईंच्या कागदावर ते होते: '31 डिसेंबरला वितरक व डीलरांकडे जुन्या लेबलचे 200 पेक्षा कमी एसी शिल्लक', वेटेज 10. ग्राहकांना विक्रीचे वेटेज होते 40 आणि उरलेले 50 गुण वसुली, सेवा आणि हाताखालच्या लोकांवर होते.

ऑक्टोबरात साहेब आणि बाई बसतात. या वेळी नवे उद्दिष्ट जन्माला घालण्यापेक्षा वेटेज हलवणे बरे. विक्रीच्या 40 गुणांपैकी 20 पहिल्या सहामाहीचे. ते गोठवायचे, त्यांचा हिशेब वर सांगितल्याप्रमाणे लागला, आता त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या 20 पैकी 10 दुसऱ्या सहामाहीच्या 5,500 एसींसाठी ठेवायचे आणि 10 शिल्लक मालाच्या उद्दिष्टाकडे वळवायचे. शिल्लक माल आता 20 गुणांचा झाला. बेरीज तीच राहिली.

मागचे गोठवणे हा या सगळ्याचा कणा आहे. झालेल्या महिन्यांचे नियम मागाहून बदलता येतात असे एकदा लोकांना दिसले, की प्रत्येक आढावा वाटाघाटीचा होतो आणि ज्याचे साहेबांशी बरे, त्याचे उद्दिष्ट सोपे होते.

माल संपवायच्या उद्दिष्टाला एक पाचर मारावी लागते. 1 ऑक्टोबरला 1,400 एसी शिल्लक आहेत आणि डिसेंबरअखेर ते 200 च्या खाली आणायचे आहेत. सोपा उपाय म्हणजे भाव पाडणे. म्हणून सोबत लिहायचे: 'सरासरी सवलत 6 टक्क्यांच्या आत ठेवून.' नगांचा आकडा एकीकडे ओढत असेल, तर त्याने ज्याची नासाडी होऊ शकते त्याचा आकडा शेजारी बसवायचा. दोनच आकडे पुरेत. पाच लावले तर बाई एसी विकायचे सोडून एक्सेल भरत बसतील.

या बदलाची नोंद चार ओळींची होते: '10 ऑक्टोबर. कारण: उन्हाळ्यातील घट, करबदल आणि जुन्या लेबलचा माल. बदल: विक्रीचे 10 गुण शिल्लक मालाकडे. न बदललेले: पहिल्या सहामाहीचे 20 गुण, दुसऱ्या सहामाहीचे 5,500 नग. सहमती: दोघांची.' यात 'न बदललेले' ही ओळ बहुतेक जण गाळतात. मार्चमधले निम्मे वाद तिथूनच उगवतात. जानेवारीत साहेबांची बदली झाली, तर नव्या साहेबांच्या हाती पडणारा पुरावा एवढाच असतो. तोंडी 'आपले ठरले होते ना सर' याला काही किंमत राहत नाही.

ही कल्पना खासगी कंपन्यांची मिरासदारी आहे असे वाटत असेल, तर सरकारी कागद पाहावा. आयएएस अधिकाऱ्यांच्या कामगिरी अहवालाचे नियम 2007 मध्ये नव्याने आले. त्या अहवालाच्या नमुन्यात वार्षिक कामाचा तक्ता आहे आणि अपेक्षित कामासाठी त्यात दोन रकाने आहेत: एक वर्षाच्या सुरुवातीचा, दुसरा वर्षाच्या मध्याचा. शेवटी प्रत्यक्ष काम मोजायचे ते मध्यावर सुधारलेल्या रकान्याप्रमाणे. निवडणुकीचे काम येते, पूर येतो, खाते नव्या योजनेला जुंपले जाते. हे सगळे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फेरआढाव्यात त्या रकान्यात उतरायला हवे. तो रकाना किती जण मनापासून भरतात हा भाग वेगळा. पण मूळ आकडा न खोडता शेजारी सुधारित आकडा लिहायचा, ही रचना बऱ्याच महागड्या पोर्टलांपेक्षा शहाणी आहे. अनेक पोर्टलांवर नवा आकडा टाकला की जुना दिसेनासा होतो.

विक्रीत निदान मोजायला नग असतात. पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपनीत अडचण निराळी. तिथे उद्दिष्ट लिहिलेले असते: 'नवे पेमेंट ॲप डिसेंबरपर्यंत सुरू करणे.' ऑगस्टमध्ये अमेरिकेतला ग्राहक बजेट कापतो, प्रकल्प गुंडाळला जातो आणि टीम दुसऱ्या कामाला लावली जाते. सहा महिने राबलेल्या मुलीच्या कागदावर मार्चमध्ये एक रिकामा रकाना उरतो. साहेब दयाळू असेल तर मधली श्रेणी देतो, म्हणजे उत्तम काम करणारी आणि वेळ काढणारा दोघेही एकाच रांगेत.

इथे दुरुस्ती दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे उद्दिष्टात प्रकल्पाचे नाव न घालता ज्यासाठी प्रकल्प आहे तो परिणाम घालायचा: 'ग्राहकाचे पैसे अडकण्याचे प्रमाण 4 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणणे.' ॲप रद्द झाले तरी पैसे अडकायचे थांबत नाहीत. जुन्याच यंत्रणेत दुरुस्ती करूनही हे प्रमाण खाली आणता येते. दुसरी म्हणजे लांब कामाचे तीन-तीन महिन्यांचे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्पा संपताच तिथल्या तिथे त्याची श्रेणी लावायची. जून आणि सप्टेंबरचे टप्पे तपासून झाले असतील, तर ऑक्टोबरमध्ये प्रकल्प बुडाला तरी तेवढे काम बुडत नाही. उरलेल्या दोन टप्प्यांचे गुण नव्या कामाकडे जातात. सगळीच कामे अशी तुकड्यांत बसत नाहीत. संशोधनाच्या कामात तीन महिन्यांनी दाखवण्याजोगे काहीच नसू शकते. तिथे निकालाऐवजी 'कोणते तीन पर्याय तपासले आणि कोणता का सोडला' एवढेच लिहून घेणे प्रामाणिकपणाचे असते, आणि त्याला टक्केवारी चिकटवण्याचा अट्टहास करू नये.

ऑक्टोबरच्या बैठकीत कुणी आकडा बदला म्हणाले, तर ते खरे की सबब, हे ओळखायला एक प्रश्न बहुधा पुरतो: हे कारण शेजारच्या टेबलवरच्या माणसालाही लागू आहे का? कर, पाऊस, रद्द झालेला प्रकल्प, साहेबांनीच बदललेला अग्रक्रम ही सगळ्यांची किंवा वरून आलेली कारणे. 'दोन डीलर तुटले', 'टीममधला मुलगा सोडून गेला' ही बहुतेक वेळा कामाचाच भाग असलेली कारणे. त्यांच्यासाठी मदत द्यावी, उद्दिष्ट सोडून देऊ नये. आणि कारण घडल्यावर लगेच सांगितले की मार्चमध्ये, हेही पाहावे. मेमध्येच पावसाची ओरड करणारा आणि मार्चमध्ये मेच्या पावसाची आठवण काढणारा, हे दोघे सारखे नाहीत.

एवढे करूनही कागदाची ताकद मर्यादितच असते. बोनसची थैली कंपनीच्या नफ्यावर ठरते. वर्ष पडलेले असेल तर उत्तम ठरलेल्या बाईंच्या हातीही कमी पैसे येतात. श्रेणी बेल कर्व्हमध्ये बसवायच्या असतील, तर एका चांगल्या टीममध्ये कुणाला तरी खाली ढकलावेच लागते, मग उद्दिष्ट कितीही नेमके लिहा. या दोन गोष्टी साहेबांनी एप्रिलमध्येच स्पष्ट सांगाव्यात. उद्दिष्टाच्या कागदाकडून त्याला न झेपणाऱ्या अपेक्षा ठेवल्या जात नाहीत.

तुमच्या कंपनीचे सहामाही पोर्टल उघडेल तेव्हा पहिल्या दिवशी एक काम करा. एप्रिलमध्ये लिहिलेल्या प्रत्येक उद्दिष्टाखाली ते कोणत्या गृहीतकावर उभे होते ते एका वाक्यात लिहा आणि त्यातले कोणते अजून टिकून आहे यावर खूण करा. तो कागद घेऊन साहेबांकडे जा. आकड्यावर बोलणे त्यानंतर.